प्लॉट ४०० टक्के, फंड १०० टक्के: मग फंड मोडून जमीन घ्यावी का?

अबोली_फोंडा

नमस्कार मंडळी. घरात महिनाभर एकच वाद चालू आहे, म्हणून इथे मांडते.

बाबांनी नोव्हेंबर २००८ मध्ये पेडणे तालुक्यात एक प्लॉट ६ लाखांना घेतला होता. तो आम्ही नोव्हेंबर २०२४ मध्ये ३० लाखांना विकला. मी डिसेंबर २०१९ मध्ये एका इक्विटी म्युच्युअल फंडात ४ लाख एकरकमी टाकले होते, त्याचे डिसेंबर २०२४ अखेर ८ लाख झाले.

दादाचं म्हणणं असं: "जमिनीने ४०० टक्के दिले, तुझ्या फंडाने १००. चौपट फरक आहे. फंड मोड, माझ्या वाट्यात तुझे ८ लाख घाल, आपण डिचोलीकडे दुसरा प्लॉट घेऊ." आई त्याच्या बाजूने आहे. मला एवढंच कळतं की सोळा वर्षं आणि पाच वर्षं एका रांगेत उभी करता येणार नाहीत. पण मग नेमकं काय करायचं? आकड्यांत कोणी सांगेल का? उपदेश नको, तो घरी भरपूर मिळतो.

---

शुक्रवारचा_बाजार

डिचोलीत नक्की कुठे? मये की साखळीच्या बाजूला? सेटलमेंट झोन आहे का ते आधी बघा. फॉर्म १ आणि १४ वर कोणाकोणाची नावं आहेत, मुंडकार कोणी आहे का, हे न बघता टोकन देऊ नका. माझ्या मेव्हण्याचे टोकनचे पैसे तीन वर्षं अडकले आहेत.

---

अबोली_फोंडा

सल्ला लाखमोलाचा आहे, पण प्रश्न तो नाही हो. कुठली गुंतवणूक जास्त वेगाने वाढली, एवढंच आधी विचारतेय.

---

पेडणेकर_भाऊ

सोपं आहे ताई. टक्के भागिले वर्षं. जमीन: ४०० ÷ १६ = २५ टक्के वर्षाला. फंड: १०० ÷ ५ = २० टक्के वर्षाला. म्हणजे दादा म्हणतो तसा चौपट फरक नाही, पण जमीनच पुढे. वर्षाचा हिशोब केला तरी जमीनच जिंकते. विषय संपला.

---

चिऱ्याचं_घर

भाऊ, वर्षावर आणलंत ते योग्य केलंत, पण आणायची रीत चुकली. आणि या उदाहरणात ती चूक किरकोळ नाही, तिच्यामुळे पहिला नंबर कोणाचा हेच उलटं होतं.

तुमचाच आकडा तपासून बघू. जमीन खरंच दर वर्षी २५ टक्क्यांनी वाढली असती तर ६ लाखांचे पहिल्या वर्षी साडेसात झाले असते, दुसऱ्या वर्षी ९ लाख ३७ हजार, आणि असंच चालत राहून सोळाव्या वर्षी २ कोटी १३ लाख. मिळाले किती? ३० लाख. फंडाचंही तेच. ४ लाख दर वर्षी २० टक्क्यांनी वाढले असते तर पाच वर्षांत ९ लाख ९५ हजार झाले असते, झाले ८. म्हणजे दोन्ही आकडे फुगलेले आहेत, पण सोळा वर्षांचा आकडा पाच वर्षांच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त फुगला आहे.

कारण असं की दुसऱ्या वर्षाची वाढ मूळ ६ लाखांवर होत नाही, पहिल्या वर्षअखेर जी रक्कम झाली तिच्यावर होते. शेवटच्या काही वर्षांत लाखो रुपये वाढले ते मोठ्या झालेल्या रकमेवर वाढले, आणि आपण ते सगळे मूळ ६ लाखांवरची टक्केवारी म्हणून मोजतो. नुसत्या भागाकाराने हे उलटवता येत नाही. त्यामुळे मुदत जेवढी लांब, तेवढा भागाकार जास्त खोटं बोलतो. लांब मुदतीच्या गुंतवणुकीला फुकटचे गुण मिळतात.

विचारायचा प्रश्न वेगळा आहे: दर वर्षी एकसारख्या कुठल्या दराने वाढलं असतं तर ६ चे १६ वर्षांत ३० झाले असते? त्यालाच सीएजीआर म्हणतात. फोनवरच्या कॅल्क्युलेटरनेही निघतो. रक्कम पाचपट झाली, म्हणून ५ दाबा. मुदत १६ वर्षं, आणि १६ म्हणजे दोनाचा चौथा घात, म्हणून वर्गमूळाचं बटण चार वेळा दाबा. २.२३६, १.४९५, १.२२३, आणि शेवटी १.१०५८. म्हणजे वर्षाला १०.५८ टक्के.

फंड पाच वर्षांत दुप्पट. इथे वर्गमूळ चालत नाही, पण अंदाजाने तपासता येतं. १.१५ ला स्वतःशी पाच वेळा गुणलं की २.०११ येतं, दोनाच्या जरासं वर. म्हणजे दर १५ च्या जरा खाली. नेमका १४.८७ टक्के.

तर जमीन १०.६, फंड १४.९. भाऊंच्या भागाकारात २५ विरुद्ध २० होतं.

एक्सेलमध्ये करायचं तर A2 मध्ये सुरुवातीची रक्कम, B2 मध्ये शेवटची, C2 मध्ये वर्षं:

```
=(B2/A2)^(1/C2)-1
```

---

पेडणेकर_भाऊ

पाचपट म्हणजे ४०० टक्के की ५००? तुम्ही ५ घेतलेत.

---

चिऱ्याचं_घर

वाढ ४०० टक्के, रक्कम पाचपट. सूत्रात नेहमी पट घालायची, वाढ नाही. ६ लाख मूळचे होतेच, त्यावर २४ लाख वाढले. वर्तमानपत्रात "गुंतवणूक ३०० टक्के" असं वाचलं की आधी हे ठरवावं लागतं की तिप्पट झाली की चौपट. लिहिणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसतं.

---

कुळागर

भागाकाराची ही चूक आपणच करतो असं नाही. आईसाठी एफडी बघत होते, तर एका बँकेच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत "वार्षिक यील्ड ८.३० टक्के" आणि खाली बारीक अक्षरांत "व्याजदर ७ टक्के". दोन आकडे का ते काउंटरवरच्या मुलीलाही सांगता आलं नाही.

---

चिऱ्याचं_घर

ती जुनी युक्ती आहे. मी बँकेच्या लेखापरीक्षणात बरीच वर्षं काढली, अशी पत्रकं पुष्कळ पाहिली. ७ टक्के दर, व्याज दर तिमाहीला मुद्दलात जमा, पाच वर्षं. १ लाखाचे १,४१,४७८ होतात. एकूण वाढ ४१.४८ टक्के, भागिले ५, आलं ८.३०. गणित बरोबर, फक्त त्या आकड्याचा उपयोग शून्य. खरा वार्षिक दर ७.१९ टक्के पडतो, तिमाही चक्रवाढीमुळे ७ च्या किंचित वर. मजा म्हणजे त्याच ७ टक्क्यांची ठेव दहा वर्षांची केली की हे "यील्ड" १० च्या वर जातं. दर एका पैशाने न वाढवता.

पोस्टाची एनएससी बघा. ७.७ टक्के दर, पाच वर्षांनी १०,००० चे १४,४९०. भागाकाराने हेही ८.९८ "यील्ड" म्हणून विकता आलं असतं. तशी तुलना केली असती तर एनएससीच्या ७.७ समोर बँकेचे ८.३० जास्त वाटले असते. प्रत्यक्षात ७.७ समोर ७.१९ आहे.

---

दर्यावर्दी

जहाजावर नेटवर्क मिळालं की वाचतोय. माझी केस सांगतो. एसआयपी, महिन्याला ५,०००, पाच वर्षं झाली. एकूण भरले ३ लाख, आज ४ लाख २० हजार आहेत. वर दिलेलं सूत्र घातलं तर ६.९६ टक्के येतात. एवढंच मिळायचं तर काकांच्या एनएससीत टाकले असते की! एसआयपी बंद करू का?

---

चिऱ्याचं_घर

थांबा, बंद करू नका. निदान या आकड्यावरून तरी नको. ते सूत्र एकदा पैसे घातले आणि एकदा काढले, यासाठीच आहे. तुमचा पहिला हप्ता पाच वर्षं राबला, शेवटचा जेमतेम महिनाभर. सरासरी रुपया अडीच वर्षंच कामाला होता, आणि तुम्ही त्याला पाच वर्षांनी मोजताय.

यासाठी एक्सेलमध्ये `XIRR` आहे. एका रकान्यात तारखा, शेजारी रकमा. खिशातून गेलेली रक्कम उणे, शेवटी आजच्या तारखेला ४,२०,००० अधिक. मी साधारण करून पाहिलं, वर्षाला १३.४ टक्क्यांच्या आसपास येतात. उणे चिन्ह विसरलात तर एक्सेल सरळ `#NUM!` दाखवतं, तेव्हा घाबरू नका.

---

दर्यावर्दी

६.९६ आणि १३.४! देव बरें करूं. घरी हीच रक्कम दाखवून बायकोने बंद करायला लावली असती.

---

माटोळी

माझा प्रश्न. एका आयपीओत दोन महिन्यांत ९ टक्के मिळाले. चक्रवाढीने वर्षाचे ६७.७ होतात. वरच्या सगळ्यांचा बाप आहे हा. 😎

---

कुळागर

हो, फक्त असाच आयपीओ सलग सहा वेळा लागला पाहिजे, आणि प्रत्येक वेळी अर्ज केलेले सगळे शेअर मिळाले पाहिजेत.

---

चिऱ्याचं_घर

कुळागरताईंनी नेमकं सांगितलं. वर्षाच्या आतला परतावा ताणून वर्षाचा करायचा नाही. म्युच्युअल फंडांच्या माहितीपत्रकातही एक वर्षापेक्षा कमी मुदतीचा परतावा नुसता जेवढा मिळाला तेवढाच लिहितात, वर्षाच्या वर गेलं की सीएजीआर. ९ टक्के मिळाले, छान झालं, तेवढंच म्हणा.

---

अबोली_फोंडा

दादाला १०.५८ दाखवले. त्याने लगेच दुसरा मुद्दा काढला: "जमिनीत काजूची झाडं होती, ती मक्त्याने देऊन दर वर्षी ५,००० यायचे, ते धर." धरते म्हटलं, पण मग खर्चही धरायला हवा ना? २००८ मध्ये स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, वकील मिळून ६० हजार गेले होते. २०१२ मध्ये चिऱ्यांचा गडगा घातला, १ लाख ४० हजार. आणि विकताना दलालाला ६० हजार दिले. माझ्या फंडात असं काही नव्हतं.

---

चिऱ्याचं_घर

फंडाचा खर्च रोजच्या एनएव्हीतूनच कापलेला असतो, म्हणून दिसत नाही. तुमचे ८ लाख खर्च वजा जाऊनच आहेत. (कर दोन्हीकडे बाजूला ठेवलाय. जमिनीवर आणि फंडावर तो वेगवेगळ्या नियमांनी लागतो, त्यासाठी सीए गाठा.) त्यामुळे जमिनीलाही तोच न्याय लावायला हवा.

पायरीपायरीने करतो. २००८ ला ६ लाख ६० हजार गेले, २०२४ ला हातात २९ लाख ४० हजार आले. एवढ्यावरच दर १०.५८ वरून ९.८ वर उतरतो. २०१२ चा गडगा घातला की मधे पैसे गेल्यामुळे साधं सूत्र चालत नाही, XIRR लावायचं: ८.८ टक्के. आता दादांच्या काजूचे वर्षाला ५,००० जमेला धरले की परत वर, ९.२ टक्के.

लक्षात घ्या, गडग्याच्या १ लाख ४० हजारांनी जवळजवळ एक टक्का खाल्ला. "६ चे ३० झाले" असं लग्नात सांगताना गडगा कोणी सांगत नाही.

---

पेडणेकर_भाऊ

काका, तुमचं गणित मान्य. पण एक गोष्ट सांगा. ताईंनी फंड डिसेंबर २०१९ ला घेतला, बाबांनी प्लॉट २००८ ला. २००८ ते २०१९ पेडण्यात काय होतं? विमानतळ होणार, होणार, एवढंच ऐकत होतो. काम सुरू झालं, मधे सुप्रीम कोर्टात अडकलं, परत सुरू झालं. मोपावरून विमानं उडाली जानेवारी २०२३ मध्ये. खरा भाव त्या आसपास चढला. तुम्ही जमिनीची अकरा रिकामी वर्षं धरताय आणि फंडाची फक्त भरलेली पाच. हा न्याय आहे का?

---

चिऱ्याचं_घर

भाऊ, हा प्रश्न अगदी मर्मावर आहे. वार्षिक दर काढला म्हणजे मुदतीची लांबी सारखी होते, काळ सारखा होत नाही.

शेअर बाजाराचंच उदाहरण देतो म्हणजे मी फंडाची बाजू घेतो असं वाटायला नको. निफ्टी ३१ डिसेंबर २०१९ ला १२,१६८ वर बंद झाला आणि ३१ डिसेंबर २०२४ ला २३,६४५ वर. लाभांश सोडून सीएजीआर १४.२ टक्के. आता शेवट तोच ठेवा आणि सुरुवात फक्त बारा आठवड्यांनी पुढे सरकवा, २३ मार्च २०२० ला, कोविडच्या पडझडीत निफ्टी ७,६१० वर बंद झाला त्या दिवशी. सीएजीआर २६.८ टक्के. निर्देशांक तोच, शेवट तोच. कोणी फंड विकायला आला आणि त्याचा तक्ता मार्च २०२० पासून सुरू होत असेल तर चहा पाजा आणि परत पाठवा.

सीएजीआर फक्त दोन टोकं बघतो. मधे काय झालं ते त्याला दिसत नाही, आणि टोक कुठे ठेवलं यावर तो हलतो. म्हणून शक्य असेल तर दोन्ही गुंतवणुकी एकाच काळात मोजायच्या. अबोलीताई, २०१९ अखेरीस त्या प्लॉटला काय भाव होता, काही कल्पना?

---

अबोली_फोंडा

दादा म्हणतो शेजारचा तेवढ्याच आकाराचा प्लॉट तेव्हा १६ लाखांना गेला.

---

चिऱ्याचं_घर

मग १६ चे पाच वर्षांत ३०, म्हणजे १३.४ टक्के. आणि त्याआधीच्या अकरा वर्षांत ६ चे १६, म्हणजे ९.३. अशा वेळी त्याच पाच वर्षांत फंड १४.९ ने पुढे, पण अंतर बरंच कमी. १०.६ विरुद्ध १४.९ इतकी दरी नाही.

---

पेडणेकर_भाऊ

१६? कोणी सांगितलं? मी त्याच गावचा. २०१९ मध्ये तिथे १२ ला कोणी हात लावत नव्हतं. आतल्या रस्त्याला डांबर पण नव्हतं.

---

कुळागर

१२ धरले तर मी केलं गणित, १२ चे ३० म्हणजे अडीचपट, पाच वर्षांत वर्षाला २०.१ टक्के. म्हणजे जमीन फंडाच्या चांगलीच पुढे. अरे देवा.

---

शुक्रवारचा_बाजार

बघा, मी म्हणत होतो जमीनच.

---

कुळागर

तुम्ही झोन म्हणत होतात. 😄

---

चिऱ्याचं_घर

हिशोब सोपा करून देतो. फंड पाच वर्षांत दुप्पट झाला. प्लॉट ३० ला गेला. म्हणजे २०१९ ला प्लॉटची किंमत १५ लाखांपेक्षा कमी असेल तर त्या पाच वर्षांत जमीन पुढे, जास्त असेल तर फंड पुढे. (गडगा २०१२ चा, त्यामुळे इथे तो मधे येत नाही. दलाली आणि काजू पकडले तर रेषा १५ च्या आसपासच राहते.) तुमचा आणि दादांचा सगळा वाद या एका आकड्यावर आहे, आणि तो आकडा आठवणीवर ठरवू नये. त्या सर्व्हे नंबरच्या आसपासचं २०१९ चं एखादं विक्रीखत पेडण्याच्या उपनिबंधक कार्यालयात नोंदलेलं असेल, त्यावरून काढा.

अर्थात विक्रीखतावरचा आकडा आणि हातात पडलेला आकडा यात फरक असतो हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. तो किती धरायचा हे मी सांगू शकत नाही.

---

पेडणेकर_भाऊ

तेच तर. कागदावर बघाल तर ८ सुद्धा निघतील. मग जमीन ३० टक्के म्हणणार का?

---

चिऱ्याचं_घर

३०.३ येतात. नाही, म्हणणार नाही. विकतानाचे ३० लाख खरे आणि घेतानाचे ८ कागदावरचे असा मेळ लावला तर कोणतीही जमीन सोन्याची होते.

---

दर्यावर्दी

मला एक वाटतं. पेडण्यात विमानतळ आला म्हणून भाव चढला. डिचोलीत कोण येणार आहे? मागचे २० टक्के पुढे मिळतील कशावरून?

---

शुक्रवारचा_बाजार

डिचोलीत खाणी परत पूर्ण सुरू झाल्या तर बघा.

---

पेडणेकर_भाऊ

२०१२ ला बंद झाल्यापासून हेच ऐकतोय.

---

अबोली_फोंडा

सगळ्यांचे आभार. दादाला हा धागा वाचायला दिला. ४०० विरुद्ध १०० हा मुद्दा त्याने सोडला, पण आता तो १२ लाख म्हणायला लागलाय. सोमवारी पेडण्याला जाऊन त्या गल्लीतलं २०१९ चं एखादं खत मिळतं का बघते, निदान दोन तरी, एकावर भरवसा नाही. फंडाला तोपर्यंत हात लावत नाही. आणि डिचोलीच्या प्लॉटचे कागद दलालाकडून मागवलेत, फॉर्म १ आणि १४ सकट. शुक्रवारचा_बाजार, आता तुमचा प्रश्न कामाचा झाला: सेटलमेंट झोन आहे की नाही हे कुठे बघायचं?

---

शुक्रवारचा_बाजार

टाउन अँड कंट्री प्लॅनिंग खात्यात झोनिंग सर्टिफिकेट मिळतं. सर्व्हे प्लॅन घेऊन जा. दलालाने दाखवलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका.